पैसे भरण्याआधी पदराची उलटी बाजू मागा: सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलेली पैठणीची पारख

लग्नसराईच्या तोंडावर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक लिंक फिरायला लागली. नाव होतं ‘Pure Silk Handloom Yeola Paithani’. ₹१४,९९९ ही किंमत खोडून खाली ₹२,४९९ लिहिलं होतं, पाच रंग होते, आणि वर ‘ऑफर फक्त आज’. ग्रुपवर ‘घेऊ का?’ची रांग लागली. मी साड्यांच्या दुकानात खरेदीचं काम बघते हे सेक्रेटरींना माहीत असल्यामुळे त्यांनी मासिक सभेत, पार्किंगचं भांडण मिटल्यावर, मला बोलायला उभं केलं. नुसतं ‘घेऊ नका’ म्हणण्यापेक्षा तीच लिंक हॉलमधल्या टीव्हीवर लावली आणि सगळ्यांबरोबर एकेक फोटो उघडून पाहिला. त्या दिवशी बोलले ते इथे क्रमाने लिहिते आहे. ऑनलाइन खरेदी ज्यांना नवीन आहे त्यांनी हातात फोन घेऊनच वाचावं.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. यंत्रमागावरची ‘सेमी पैठणी’ ही काही नकली वस्तू नव्हे. दोन-अडीच हजारांत छान दिसते, हळदीकुंकवाला नेसायला उत्तम आहे, आणि ‘सेमी’ म्हणून विकली तर त्यात कसलीही फसवणूक नाही. फसवणूक तेव्हा होते जेव्हा तीच साडी ‘हातमागाची, शुद्ध रेशमाची’ म्हणून गळ्यात मारली जाते. म्हणून फोटो बघताना साडी सुंदर आहे का, हे विचारायचं नाही. नावात केलेला दावा फोटोत दिसतो का, एवढंच विचारायचं.

पायरी १: फोटो उघडण्याआधी किंमत आणि बारीक अक्षरं

इथे दोन मिनिटं पुरतात. सहावारी पैठणीत साधारण अर्ध्या किलोच्या आसपास माल असतो, आणि चांगलं रेशमी सूत किलोला काही हजार रुपयांनी मिळतं. त्यावर विणकराची मजुरी. एकेरी मुनियाच्या, म्हणजे पोपटांच्या एकाच ओळीच्या काठाची, हलक्या पदराची साडीसुद्धा हातमागावर काही आठवडे घेते आणि भरगच्च पदराची कित्येक महिने. आता ₹२,४९९मधून वेबसाइटचं कमिशन, कुरिअर आणि विकणाऱ्याचा नफा वजा करा. उरलेल्या पैशांत रेशीमसुद्धा येत नाही, मग विणणाऱ्याच्या हातात काय पडणार? खोडलेल्या किमतीकडे तर बघूच नका, तो आकडा विकणाऱ्याने स्वतःच टाकलेला असतो.

मग पान खाली सरकवत तपशिलाच्या तक्त्यापर्यंत जा. शीर्षकात विकणारा काहीही लिहितो, पण तक्त्यात त्याला ठरावीक पर्यायांतून निवड करावी लागते, आणि खरं बहुतेक वेळा तिथे निसटतं. आमच्या लिंकमध्ये ‘Fabric’पुढे ‘Silk Blend’ लिहिलेलं होतं. कधी ‘Art Silk’ असतं, म्हणजे कृत्रिम धागा. ‘लिची सिल्क’, ‘पैठणी स्टाइल’, ‘बनारसी पैठणी’ असले शब्द दिसले की ती हातमागाची पैठणी नाही असं धरून चालायला माझी हरकत नाही.

खरं तर इतक्यावरच निकाल लागला होता. पण विकणारे आता शहाणे झालेत. हीच साडी कोणी ₹८,९९९ला लावली आणि तक्त्यात ‘Pure Silk’ लिहिलं, तर किंमत काहीच सांगणार नाही. तेव्हा फोटोच कामाला येतो.

पायरी २: सगळे रंग एकापाठोपाठ बघा

एकाच साडीचे पाच रंग दिलेले असतील तर पाचही फोटो एकामागून एक पटापट सरकवा. आम्ही टीव्हीवर तसंच केलं. जांभळी, हिरवी, राणी, मोरपंखी, काळी. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी लगेच हेरलं, ‘अगं, निरीची घडी सगळीकडे तीच आहे की!’ बरोबर. निऱ्या त्याच, पदराचा कोपरा दुमडलाय तोही त्याच जागी, मॉडेलच्या हाताची सावली तीच. म्हणजे फोटो एकाच साडीचा काढलाय आणि बाकीचे चार रंग संगणकावर भरलेत.

रंग असा बदलला की दोन ठिकाणी पकडता येतो. एक, काठाची जर. मूळ फोटोत सोनेरी असलेली जर हिरव्या साडीत किंचित हिरवट आणि काळीत मळकट दिसते. दुसरं, छटा. पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की घडीच्या वळणावर रंग बदलतो. त्याला आपण धूपछाव म्हणतो. संगणकावर रंगवलेल्या साडीत सगळीकडे एकच सपाट रंग असतो, सावलीच्या जागी तोच रंग फक्त गडद होतो.

यात लबाडी असेलच असं नाही. कमी किमतीचा माल विकणारे खर्च वाचवायला हे सर्रास करतात. पण हातमागाची साडी एकेक करून उतरते. ती विकणाऱ्याकडे बहुधा एका रंगाची एकच साडी असते आणि फोटोही त्या साडीचाच असतो. पाच रंग, प्रत्येकात हवा तेवढा साठा आणि घडी मात्र एकच, हे हातमागाच्या दाव्याशी जुळत नाही.

पायरी ३: हा फोटो आणखी कुठे आहे?

यासाठी गूगल लेन्स पुरतं. फोटोचा स्क्रीनशॉट घ्या, गूगलचं अॅप उघडून शोधपट्टीतल्या कॅमेऱ्याच्या चिन्हावर बोट ठेवा आणि तो स्क्रीनशॉट निवडा. मग चौकटीचे कोपरे ओढून फक्त पदराचा भाग चौकटीत ठेवा. हे महत्त्वाचं आहे. पूर्ण फोटो दिला तर लेन्स मॉडेल, दागिने, ब्लाउज यांच्या मागे लागतं आणि नुसत्या ‘अशाच दिसणाऱ्या’ साड्या दाखवतं. निकालात ‘Exact matches’ असा पर्याय दिसला तर तो दाबा. हुबेहूब तोच फोटो कुठे कुठे आहे ते कळतं.

आमच्या लिंकमधला जांभळा पदर आणखी तीन-चार ठिकाणी सापडला. एका घाऊक विक्रीच्या पानावर त्याचं नाव साधं ‘सेमी पैठणी’ होतं आणि भाव ₹१,१५०. दुसरीकडे तोच फोटो, फक्त आरशात पाहिल्यासारखा उलटवलेला. विकणारे फोटो असा उलटवतात तो शोधात सापडू नये म्हणून. तुम्हाला संशय असेल तर गॅलरीत जाऊन फोटो आडवा उलटवा आणि पुन्हा शोधा.

या पायरीच्या मर्यादाही सांगते, कारण पुष्कळ जण इथेच थांबतात. फोटो दुसरीकडे सापडला म्हणून विकणारा लबाड ठरत नाही. अनेक घरगुती रिसेलर बायका कारखानदाराने दिलेलेच फोटो वापरतात आणि माल नीट पाठवतात. आणि फोटो कुठेही सापडला नाही म्हणून तो खरा ठरत नाही, कारण व्हॉट्सअॅपवर फिरणारे फोटो गूगलच्या शोधात येतच नाहीत. या शोधातून एवढंच कळतं की हा फोटो याच्याच हातातल्या साडीचा आहे असं धरून चालता येणार नाही. ज्या पानावर तो स्वस्तात आणि वेगळ्या नावाने दिसतो, तिथलं नाव मात्र जरूर वाचा.

पायरी ४: पदरावर झूम करा

इथे जरा सावकाश जाऊ. पैठणी कशी विणतात हे कळलं की फोटोत काय शोधायचं ते आपोआप कळतं.

यंत्रमागावर जॅकार्डच्या, म्हणजे नक्षीसाठी मागावर बसवलेल्या यंत्रणेच्या साहाय्याने नक्षी काढताना रंगीत आडवा धागा पदराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. मोराच्या मानेला निळा हवा असेल तर निळा धागा मानेच्या जागी वर येतो आणि उरलेल्या सगळ्या रुंदीत पाठीमागून जातो. म्हणून अशा पदराच्या उलट्या बाजूला लांबच लांब सुटे धागे दिसतात. ते बांगड्यांत अडकतात म्हणून बरेचदा कातरून टाकतात. मग पाठीमागे नक्षीच्या कडेने धाग्यांची तोकडी झालर उरते. कधी आतून जाळीचं कापड लावून ती बाजू झाकतात.

हातमागावरच्या पारंपरिक पैठणीच्या पदरात असं होत नाही. विणकर प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी गुंडाळी घेऊन बसतो. निळा धागा मोराच्या मानेच्या कडेपर्यंत जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात गुंततो आणि तिथूनच मागे वळतो. पलीकडे जाण्याचं त्याला कारणच नसतं. त्यामुळे पाठीमागे सुटा धागा राहत नाही आणि मोर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो, फार तर धागा संपल्याची बारीक टोकं. पैठणीची खरी ओळख ती हीच.

म्हणून लिंकमधले फोटो बघताना पहिला प्रश्न असा की उलट्या बाजूचा फोटो आहे का? आमच्या लिंकमध्ये सहा फोटो होते, त्यात उलट्या बाजूचा एकही नाही. हातमागाची पैठणी विकणाऱ्याचा सगळ्यात मोठा पुरावा त्याच बाजूला असतो. तोच त्याने दिला नसेल तर मला ते चुकून राहिलं असं वाटत नाही.

पुढच्या बाजूलाही थोडं कळतं. पदरावरचे डावीकडचे आणि उजवीकडचे दोन मोर मोठे करून बघा. डोळा, चोच, पिसाऱ्यातले ठिपके. यंत्रावरचे मोर धाग्याला धागा सारखे असतात. हाताने विणलेल्यांत कुठे चोच जराशी जाड, कुठे एखादा ठिपका सरकलेला. तिरक्या आणि गोल रेषा मोठ्या केल्यावर पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात, कारण धागा एकेका घराने सरकत वळतो. पण यावर फार भिस्त ठेवू नका. कसलेला विणकर आलेखावरून इतकं मोजून विणतो की दोन मोरांत फरक सापडणं कठीण जातं, आणि पायऱ्या यंत्राच्या नक्षीतही दिसतात. शिवाय वेबसाइट फोटो आवळून लहान करते, त्यामुळे मोठं केल्यावर पुष्कळदा नुसते चौकोन दिसतात. पुढच्या बाजूवरून शंका घेता येते, खात्री फक्त पाठीमागच्या बाजूवरून होते.

सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या एका वहिनींनी विचारलं, ‘माझ्या सासूबाईंची पैठणी येवल्याहून घेतलेली आहे, विणणाऱ्याच्या घरातून. पण तिच्या काठाच्या मागे धागे आहेत. ती मग खोटी का?’ प्रश्न अगदी योग्य होता. हातमागावरच, पण काठाला जॅकार्ड लावून विणलेल्या पैठण्या असतात. त्यांना ब्रोकेड पैठणी म्हणतात. त्यांच्या काठामागे धागे असणारच. म्हणून निकाल काठावरून नाही, पदरावरून द्यायचा. आणि विकणाऱ्याला सरळ विचारायचं, काठ ब्रोकेडचा आहे का? जाणकार विकणारा लगेच उत्तर देतो. ज्याला हा प्रश्नच समजत नाही, त्याने येवल्याचा माग पाहिलेला नाही.

रेशीम खरं आहे का, जर कशाची आहे, हे फोटोवरून ओळखण्याच्या नादाला लागू नका. चमक दिव्यावर आणि कॅमेऱ्यावर अवलंबून असते. धागा जाळून दाखवणारे व्हिडिओ पाठवतात तेही निकामी. जळणारा धागा तुमच्याच साडीतला आहे हे कोण सांगणार?

पायरी ५: ग्राहकांचे फोटो

परीक्षणांत फोटो असलेली परीक्षणं निवडून बघा, आणि त्यातही एक आणि दोन ताऱ्यांची आधी. घरी आलेली साडी बायका पलंगावर पसरून ट्यूबलाइटखाली फोटो काढतात. पदराचा कोपरा हमखास दुमडलेला असतो आणि उलटी बाजू फुकट दिसून जाते. आमच्या लिंकखाली असाच एक फोटो होता. पाचही तारे दिलेले, ‘सुपर साडी’ लिहिलेलं, आणि कोपऱ्यात कातरलेल्या धाग्यांची झालर स्वच्छ दिसत होती. त्या बाईंना साडी आवडली होती, तक्रार नव्हती. पण आपल्याला हवा तो पुरावा त्यांनी दिला.

एक सावधगिरी बाळगा. कधी कधी परीक्षणं भलत्याच वस्तूची असतात. जुन्या पानावर नवा माल चढवलेला असतो. साडीच्या पानावर कोणी ‘दुपट्टा छान आहे’ लिहिलेलं दिसलं तर ते सगळे तारे सोडून द्या.

पायरी ६: तुमच्यासाठी नवा फोटो मागा

विकणाऱ्याशी बोलता येत असेल, म्हणजे व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम किंवा वेबसाइटवरची चॅट, तर ही पायरी सगळ्यांत उपयोगी आहे. मी सभेत हा मजकूर लिहून दिला होता, तसाच पाठवला तरी चालेल:

‘नमस्कार. मला जांभळी पैठणी घ्यायची आहे. कृपया त्याच साडीचा एक छोटा व्हिडिओ पाठवा: दिवसाच्या उजेडात, पदर पुढून दाखवून न थांबता उलटा करून मागची बाजू जवळून. पदरावर आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवा. काठ ब्रोकेडचा आहे की हाताने विणलेला, तेही सांगा.’

यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. तारखेची चिठ्ठी म्हणजे साडी आज त्याच्या हातात आहे याचा पुरावा. पण नुसत्या फोटोत चिठ्ठी मागाहून चिकटवता येते, म्हणून व्हिडिओ. ‘न थांबता’ का, तर पुढची बाजू एका साडीची आणि मागची दुसऱ्या साडीची असं जोडून पाठवता येऊ नये. दिवसाचा उजेड म्हणजे रंग बराचसा खरा दिसतो. रक्कम मोठी असेल तर व्हिडिओ कॉल करा आणि ‘जरा डावीकडचा मोर उलटा करून दाखवा’ असं आयत्या वेळी सांगा.

आमच्या लिंकवाल्याला आम्ही हाच मजकूर सभेतूनच पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं: ‘मॅडम 100% ओरिजिनल आहे, स्टॉक पॅक झाला आहे, बुकिंग आजच करा.’ सोबत पुन्हा तोच मॉडेलचा फोटो. साडी न दाखवता घाई करणं, हेच त्याचं उत्तर समजायचं.

तुलनेसाठी मी येवल्याच्या एका विणकर कुटुंबालाही तोच मजकूर आधी पाठवून ठेवला होता. त्यांचा व्हिडिओ दुपारी आला, गच्चीवर काढलेला, थोडा हललेला. मुलाने पदर धरलाय, बाई तो उलटवतायत, चिठ्ठी वाऱ्याने उडतेय. मागच्या बाजूला मोर तसाच, फक्त धाग्यांची इवली टोकं. काठ ब्रोकेडचा आहे हे त्यांनी आपणहून सांगितलं. किंमत ₹१३,५००. साडी घ्यायची की नाही हा पुढचा प्रश्न, पण निदान काय घेतोय ते कळलं होतं.

पायरी ७: लेबलं काय सांगतात

लेबलाचा फोटो मागितला की साधारण तीन प्रकारची लेबलं समोर येतात, आणि इथे चांगली शिकलेली माणसंही गल्लत करतात.

सिल्क मार्क हे केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ साली सुरू झालेलं चिन्ह. लेबलावर होलोग्राम आणि स्वतंत्र क्रमांक असतो. त्याचा अर्थ एवढाच की धागा शुद्ध रेशमाचा आहे. यंत्रमागावर विणलेल्या शुद्ध रेशमी साडीलाही ते रीतसर मिळतं. म्हणजे ‘सिल्क मार्क आहे, म्हणून हातमाग’ हे म्हणणं चूक. हातमागासाठी हँडलूम मार्क वेगळं आहे, ते २००६ साली आलं. तिसरं भौगोलिक मानांकन, म्हणजेच GI. पैठणीला ते २०१० साली मिळालं आणि ते पैठण, येवला भागातल्या पारंपरिक विणकामाशी जोडलेलं आहे. नुसतं ‘GI Tagged’ असं शीर्षकात लिहिलं म्हणून काही होत नाही. या नावाचा नोंदणीकृत वापरकर्ता कोण आहे, ते विचारा.

लेबलाचा फोटो घेताना ते साडीला लावलेलं दिसलं पाहिजे आणि क्रमांक वाचता आला पाहिजे. कापून हातात धरलेल्या लेबलाचा फोटो कोणत्याही साडीसोबत पाठवता येतो. क्रमांकावर बोट ठेवून काढलेला फोटो असेल तर बोट काढायला सांगा.

साडी नको, चार्जर हवाय?

सभेतल्या तरुण मंडळींचा हा प्रश्न होता आणि तो रास्त होता, कारण चार्जरला उलटी बाजू असते पण तिथे मोर नसतो. अशा वस्तूंत विणकामाची जागा क्रमांक घेतो. भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइल चार्जरला भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी लागते. चार्जरच्या अंगावरच बारीक अक्षरांत मानकाचा क्रमांक आणि त्याखाली `R-` ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. लिंकमध्ये त्या बाजूचा फोटो नसेल तर मागा. मग ब्यूरोचं ‘BIS Care’ हे अॅप उघडून `R` क्रमांक पडताळण्याच्या पर्यायात तो टाका. नोंदणी कुठल्या कारखान्याच्या, कुठल्या ब्रँडच्या नावाने आहे ते दिसेल.

क्रमांक खरा निघाला म्हणून हुरळून जायचं कारण नाही. नकली चार्जरवर खऱ्याचाच क्रमांक छापणं सोपं असतं. म्हणून अॅपमध्ये दिसणारं ब्रँडचं नाव आणि वस्तू फोटोतल्या चार्जरशी जुळते का ते बघा. क्रमांक अस्तित्वातच नसला किंवा कुठल्या तरी एलईडी दिव्याचा निघाला तर मात्र काम तिथेच संपलं. हेल्मेट आणि खेळण्यांवर आयएसआय चिन्हाजवळ `CM/L-` ने सुरू होणारा क्रमांक असतो, तोही याच अॅपमध्ये तपासता येतो.

पैसे भरताना

सोसायटीतल्या ज्येष्ठ मंडळींचा ‘कॅश ऑन डिलिव्हरी घेतली की झालं’ यावर फार विश्वास. पण बहुतेक वेळा पैसे आधी द्यावे लागतात आणि पाकीट नंतर उघडता येतं. कुरिअरवाल्याला आतल्या मालाशी काही देणंघेणं नसतं. वेबसाइट ‘Open Box Delivery’ देत असेल तरच दारात उघडून बघता येतं, तेव्हा तो पर्याय आहे का ते ऑर्डर देतानाच बघा. विकणारा वेबसाइट सोडून थेट यूपीआयवर पैसे मागत असेल आणि त्यासाठी सूट देत असेल, तर वेबसाइटच्या परताव्याचं संरक्षण तुम्ही सवलतीच्या त्या पैशांत विकून टाकता.

पैसे भरण्याआधी चार स्क्रीनशॉट घ्या: शीर्षक आणि किंमत, तपशिलाचा तक्ता, विकणाऱ्याचं नाव-पत्ता, आणि परताव्याची अट. हे मी सभेत दोनदा सांगितलं, कारण तक्रार आली की लिंकमधलं ‘Pure’ रातोरात ‘Semi’ होतं आणि तुमच्या हातात काही उरत नाही. पाकीट उघडताना पत्त्याच्या चिठ्ठीपासून साडीच्या उलट्या बाजूपर्यंत एकच सलग व्हिडिओ काढा.

‘No Return’ लिहिलेलं असलं तरी घाबरू नका. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे वस्तू बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसेल, तर विकणाऱ्याला ती परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. आधी वेबसाइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. त्यांनी ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिनाभरात तक्रार सोडवायची असते. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. आणि पैसे भरल्यावर विकणाऱ्याने नंबरच बंद केला, माल आलाच नाही, तर तो सायबर गुन्हा आहे. तिथे वाट न बघता १९३०वर फोन करायचा किंवा `cybercrime.gov.in`वर तक्रार नोंदवायची. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता यावेत म्हणून तो फोन जितका लवकर तितका बरा. फोन करताना व्यवहाराचा यूटीआर क्रमांक समोर असू द्या. यूपीआय अॅपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात तो असतो.